ग्रिफिन, मेंढी आणि फोंड्याहून आलेली एक प्रतिक्रिया

"ग्रिफिनवरचा लेख वाचला. आयत्या खुर्चीत बसून दुसऱ्यांचं संशोधन मोडीत काढणं सोपं असतं. वाकडी चोच, चार पाय, सोन्याच्या वाटेवरचं वाळवंट, एवढं सगळं जुळतं तो काय निव्वळ योगायोग? आयुष्यात एक तरी जीवाश्म हातात धरलाय का तुम्ही? आणि प्रोटोसेराटॉप्स घोड्याएवढा नव्हता, मेंढीएवढा होता. एकशिंगी आणि राक्षसांबद्दल तर चकार शब्द नाही." (एक वाचक, फोंडा)

फोंडेकर बाब,

माझ्या लेखाचा मुद्दा एवढाच होता: गरुडाचं डोकं आणि सिंहाचं धड असलेल्या ग्रिफिनची कल्पना गोबीच्या वाळवंटातल्या प्रोटोसेराटॉप्स या डायनासोरच्या जीवाश्मांवरून आली, हे पटत नाही. त्यात तो प्राणी मी घोड्याएवढा लिहिला होता. मेंढी मान्य. प्राणी जेमतेम दोन मीटर लांब, त्यातही बराचसा भाग डोकं आणि शेपूट. 'घोडा' कुठून आला ते माझं मलाच कळत नाही. चूक माझी, दाखवलीत ते बरं केलंत. पण एवढी दुरुस्ती सांगायला असला फणकारा लागतो का? दोन ओळी साध्या लिहिल्या असत्यात तरी मी तेवढ्याच तत्परतेने मानलं असतं.

खुर्ची आयती आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? अकरा वर्षं मी डिचोलीकडच्या एका खाणीवर नमुने गोळा करत होतो. सकाळी साडेसहाला कापणीच्या पायरीवर उभं राहायचं, पावसाळ्यात गुडघाभर लाल चिखल, उन्हाळ्यात नाकातोंडात लाल धूळ. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या आणि मी घरी बसलो. तेव्हापासून खुर्ची आहे खरी, प्लास्टिकची, एक पाय मुडपलेला.

जीवाश्माचंही सांगतो, विचारलंतच म्हणून. आपल्या जांभ्यात तो मिळत नाही. मूळ खडक हजारो पावसाळ्यांनी कुजतो, विरघळणारं सगळं वाहून जातं आणि लोह-ॲल्युमिनियमचा गाळसाळ मागे उरतो, तो आपला चिरा. त्यात हाड टिकायचं कसं? तरी एकदा मला 'दात' सापडला होता. बोटाएवढा, तपकिरी, चकचकीत, टोकाला निमुळता, खाली मूळ असावं तसा फाटा. मी तो रुमालात गुंडाळून आठ दिवस खिशात बाळगला. जेवायच्या सुट्टीत सगळ्यांना दाखवला, घरी बायकोला दाखवला. शेवटी आमच्या वरच्या भूशास्त्रज्ञाने तो हातात घेतला, काही न बोलता हातोडीने फोडला आणि भिंग माझ्या हाती दिलं. आत कांद्यासारखे लोहाचे पापुद्रे, मधोमध पिवळी माती. हाड असतं तर जाळीसारखी बारीक छिद्रं दिसली असती. एक नव्हतं. त्या आठ दिवसांत मला कोणी म्हणालं असतं, 'अहो, नुसतं साम्य आहे', तर मीही तुमच्यासारखंच तडकून विचारलं असतं, 'मग हा योगायोग का?'

म्हणून तुमच्या त्या एका वाक्यावर थोडं सविस्तर लिहितो.

'जीवाश्म नाही तर योगायोग' असे दोनच पर्याय तुम्ही ठेवलेत. वाकडी चोच गरुडाला असते. चार पाय आणि नख्या सिंहाला असतात. आकाशातला आणि जमिनीवरचा सगळ्यात जबरदस्त प्राणी एकत्र करायला चित्रकाराला गोबीच्या वाळवंटात जावं लागत नाही. आपल्याकडे नृसिंह आहे, गंडभेरुंड आहे. त्यांच्यासाठी कोणी सांगाडा शोधत बसतं का?

मग काळ बघा. गरुडाचं डोकं आणि सिंहाचं धड असलेले प्राणी इराणमधल्या सूसाला आणि इजिप्तमध्ये इसवी सनापूर्वी 3000च्या आसपास कोरलेले सापडतात. क्रीट बेटावर नोसोसच्या राजवाड्यात, सिंहासनाच्या दालनात भिंतीवर ग्रिफिन बसलेले आहेत, तेही इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकाच्या सुमाराचे. ग्रीकांना मध्य आशियातल्या सोन्याच्या राखणदार ग्रिफिनची गोष्ट कळली ती ॲरिस्टिअस नावाच्या कवीकडून, इसवी सनापूर्वी सातव्या शतकात. त्याचं काव्य हरवलं. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने ती गोष्ट सांगितली ती ऐकीव म्हणूनच: इसिडोन लोकांनी गवताळ प्रदेशातल्या भटक्या सिथियनांना सांगितलं, सिथियनांनी आम्हाला. म्हणजे चित्र आधी, गोष्ट नंतर, मध्ये दोन हजारांहून अधिक वर्षं.

इथे एड्रियन मेयर बाईंवर अन्याय नको. ग्रिफिन जीवाश्मांवरून आला ही कल्पना त्यांनी 2000 साली पुस्तकात मांडली, आणि त्या काही भोळ्या नाहीत. त्यांचं म्हणणं ग्रीक-सिथियन गोष्टीबद्दल आहे: सोनं, वाळवंट, जमिनीवरची घरटी हा तपशील हाडं पाहिल्याने आला असावा. चित्र जुनं असलं म्हणून हे आपोआप खोटं ठरत नाही. ही बाजू माझ्या लेखात कमी पडली. तुम्ही टोमण्याऐवजी हे लिहिलं असतंत तर मला आनंद झाला असता.

आता ती गोष्टच तपासू. प्रोटोसेराटॉप्स सापडतो तो वाऱ्याने साठवलेल्या वाळूच्या खडकात, जुन्या वाळूच्या टेकड्यांमध्ये. रॉय चॅपमन अँड्र्यूज यांच्या अमेरिकन मोहिमेला 1922 मध्ये मंगोलियात बायनझागच्या लाल कड्यांपाशी पहिली कवटी मिळाली. सोनं येतं ते दुसऱ्याच प्रकारच्या डोंगरांतून, आग्नेय आणि रूपांतरित खडकांतून, आणि झिजून ओढ्यांच्या रेतीत उतरतं. मार्क विटन आणि रिचर्ड हिंग यांनी 2024 मध्ये नेमकं हेच तपासलं. जुन्या काळी सोनं काढत ती ठिकाणं आणि प्रोटोसेराटॉप्सची ठिकाणं यांत शेकडो किलोमीटर अंतर आहे. 'सोन्याच्या वाटेवरचं वाळवंट' हे तुमचं वाक्य ऐकायला छान आहे. नकाशावर ती वाट जुळत नाही. खाणीवर काम केलेल्या माणसाला हे पटकन कळतं: जिथे धातू नाही तिथे धातू शोधणारा माणूस दिवसभर वाकून बसत नाही.

दुसरं, जमिनीवर दिसतं काय? संग्रहालयातला उभा सांगाडा डोळ्यांपुढे आणू नका. तो महिनोन्महिने खोदून, साफ करून उभा केलेला असतो. वाळवंटातून जाणाऱ्याला कड्यातून डोकावणारं हाडाचं टोक दिसतं, फार तर पांढरे तुकडे. प्रोटोसेराटॉप्सच्या मानेमागची हाडाची झालर पातळ असते, आधी तुटते. ती तुटलेली झालर पाहून पंख सुचले, असं हे गृहीतक म्हणतं. म्हणजे आधी कवटी पूर्ण असावी लागते, ओळखू येण्यासाठी, आणि मग नेमकी झालर मोडकी असावी लागते, पंखांसाठी. प्रत्येक अडचणीला हाड सोयीप्रमाणे पूर्ण किंवा अपुरं करायची सवलत ज्या सिद्धांताला लागते, त्याच्याकडे मी संशयाने बघतो. यात पूर्वग्रह दिसत असेल तर दिसू दे.

अंड्यांचंही तेच. 1923 मध्ये तिथे घरटी मिळाली आणि ती प्रोटोसेराटॉप्सचीच मानली गेली. 1990च्या दशकात त्याच प्रकारच्या अंड्यात गर्भ मिळाला, तो चोचीच्या वेगळ्या डायनासोरचा, ओव्हिराप्टरच्या कुळातला. प्राचीन प्रवाशाला अंडी कुणाची याचं काय देणंघेणं, असं तुम्ही म्हणाल, आणि तेवढं मी मान्य करतो. पण 'घरट्यात बसलेला प्रोटोसेराटॉप्स' हे आपल्या डोक्यातलं चित्र विसाव्या शतकातल्या चुकीतून आलेलं आहे. ते इसवी सनापूर्वीच्या सिथियनांच्या डोळ्यांत नेऊन ठेवता येत नाही.

मग खरा प्राणी कथेत शिरला हे कधी मानायचं? साखळी दाखवता आली तर. एक उदाहरण आपल्याच बंदरातून गेलेलं आहे. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाने पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो द अल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला. अल्बुकर्कने तो जानेवारी 1515 मध्ये गोव्याहून जहाजावर चढवला, 20 मेला तो लिस्बनला उतरला. तिथून एक पत्र आणि रेखाटन न्युरेंबर्गला गेलं. तिथला चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने गेंडा कधीच पाहिला नव्हता. त्याने त्यावरून लाकडी ठसा कोरला: अंगावर चिलखताच्या पट्ट्या, पायांवर खवले, आणि खांद्यावर एक जादा छोटं शिंग, जे कुठल्याच गेंड्याला नसतं. युरोपातली पुस्तकं अठराव्या शतकापर्यंत त्याची नक्कल करत राहिली. प्राणी, जहाज, तारखा, पत्र, चित्र, सगळं हातात आहे, आणि चूक नेमकी कुठे शिरली तेही दाखवता येतं. ग्रिफिनच्या बाबतीत या साखळीतली एकही कडी नाही. दोन टोकं आहेत, आणि मधे तुमचं 'जुळतंय की'.

एकशिंग्यांवर आणि राक्षसांवर लिहिलं नाही, कारण लेख ग्रिफिनवर होता. शीर्षकात लिहिलंय. तरी एवढं सांगतो, मी जीवाश्मांचा दुष्मन नाही. ऑस्ट्रियात क्लागनफुर्टच्या चौकात ड्रॅगनचा पुतळा आहे. त्याच्या डोक्याला नमुना म्हणून 1335 मध्ये सापडलेली कवटी वापरली, असं मानतात, आणि ती कवटी लोकरी गेंड्याची निघाली. कवटी शहरातच आहे. तिथे मी गप्प बसतो. पण तिथेही कवटीने ड्रॅगनची कल्पना दिली नाही. ती लोकांच्या मनात आधीपासून होती. कवटीने फक्त चेहरा दिला.

तुमच्या दुसऱ्या प्रतिक्रियेत, जी मी प्रकाशित केली नाही, तुम्ही मला 'सगळं माहीत असल्याचा आव' म्हणालात. तो दात अजून माझ्या टेबलावर आहे, दोन तुकड्यांत. भेटलो तर दाखवीन, भिंगही देईन.

लेखात 'घोडा' काढून 'मेंढी' केली आहे.