भोवरा दिसतोय का?

माणसाला स्वतःच्या डोक्यावरचा केसांचा भोवरा कधी दिसत नाही. तो विरळ झाल्याची बातमी कायम वरून बघणाऱ्याकडून येते. पंगतीत आमटी वाढणारा, मोटरसायकलवर मागं बसलेली बायको किंवा नमस्कार केल्यावर डोक्यावर हात ठेवणारी आत्या. मला ती आत्याकडून मिळाली. "औक्षवंत हो, आणि हे काय झालं रे इथं?" हे तिनं एका दमात म्हटलं.

माझे केस तेव्हा पाच इंच होते. मित्रांचं म्हणणं, अजून वाढव, झाकलं जाईल. राजारामपुरीतल्या आमच्या केशकर्तनालयाच्या मालकांनी मात्र मागं आरसा धरला आणि मान हलवली.

"सायेब, वाढवून झाकत न्हाई, उलट उघडं पडतंय."

मग त्यांनी समजावलं. भोवऱ्यातून केस गोल फिरत बाहेर पडतात, म्हणून मधला ठिपका भरगच्च डोक्यावरही थोडा दिसतोच. केस बारीक व्हायला लागले की लांबीचं वजन त्यांना पेलत नाही. ते चपटे होतात, एकमेकांना चिकटून बटा होतात आणि दोन बटांच्या मध्ये कातडी चमकते. तेल लावलं की आणखी. माझी आई रविवारी डोक्यावर जे खोबरेल थापायची, त्यानं मायेपेक्षा टाळूच जास्त उजळत होती.

त्यांनी कापलं ते असं. भोवऱ्यावरचे केस दोन इंचांवर आणले. म्हणजे वजन कमी, केस मुळाशी उभे राहतात, पण इतके आखूडही नाहीत की सरळ उभे राहून मधली जागा दाखवतील. पुढचे, अजून दाट असलेले, साडेतीन इंच ठेवले आणि मागच्या बाजूला हळूहळू आखूड करत नेले. कानांवरचे केस इंचभर. कारण कानांवर दाट झुबका असला की मधला भाग आणखी ओसाड वाटतो. बाजू कमी केल्या की तोच भाग बरा दिसतो. खरं तर फरक एवढाच की शेजारी कोण बसलंय. मुंबईहून भाचा येतो तेव्हा माझा पगारही असाच ओसाड वाटतो.

एका गोष्टीवर ते अडून बसले. भोवऱ्यावर थिनिंगची दातेरी कात्री अजिबात नाही. "हितं आधीच कमी हाय, त्यात कशाला काढायचं?" साध्या कात्रीचं टोक उभं धरून त्यांनी केसांचे शेंडे खालीवर केले. सगळे एका रेषेत संपले की ती रेषा चपटी बसते; खालीवर असले की एकमेकांवर टेकून राहतात.

पुढचं काम घरी, माझं. केस टॉवेलनं दाबून टिपायचे, ओलसर असताना ड्रायर मंद ठेवून बोटांनी भोवऱ्याच्या उलट दिशेला ढकलायचे, मग सुलट. वाळताना केस जसा असेल तसा बराच वेळ राहतो, म्हणून शेवटी थंड हवा. वर चिमूटभर मॅट क्ले, तीही तळव्यांवर चोळून गायब झाल्यावर. जेलला बंदी, कारण तो केसांच्या पुन्हा बटा करतो. रोज सकाळी बायको बाथरूमचं दार वाजवत विचारते, "झालं का तुमचं लग्नाचं?"

परीक्षा ट्यूबलाइटखाली, फोन डोक्यावर धरून, आणि केस कोरडे असतानाच. ओल्या केसांत कुणाचीही टाळू दिसते, तेव्हा तो फोटो बघून जेवण सोडायचं नाही. कोरड्या फोटोत मात्र केस फुगलेले असूनही कातडी स्पष्ट दिसायला लागली, तर खेळ संपत आला समजायचं.

तरी शत्रू उरतातच. हेल्मेट अर्ध्या तासात सगळं चपटं करतं. खिशात ठेवलेल्या कंगव्यापेक्षा तिथं बोटांनी मुळं हलवणं बरं. रंकाळ्यावर संध्याकाळी मागून वारा आला की पुढचे केस पुढं, मागचे बाजूला आणि खरी परिस्थिती मध्ये. मी वाऱ्याकडं तोंड करून भेळ खातो. लग्नात फेटा बांधला की तीन तास निर्धास्त, पण तो उतरवल्यावर घामानं भिजलेल्या बटा घेऊन कुठल्याही फोटोत उभं राहायचं नाही.

परवा मी मालकांना स्पष्टच विचारलं, "हे किती दिवस चालेल?"

"फुडचं दाट हाय तवर चालतंय. मागं तळहाताएवढं मोकळं झालं की मग मशीन, तीन नंबर. झाकाझाकी बंद."

"मग केस कमी म्हणून पैसे कमी घेणार का?"

"हिशेब डोक्याचा असतोय सायेब, केसांचा न्हाई. बसा, मान खाली घ्या."