उलटीचं औषध आधी की चमचा आधी?

लेकराला एक उलटी झाली की घरात दोन गोष्टी एकदम घडतात. एक जण फ्रीजच्या दारातली मागच्या वेळची उलटीच्या औषधाची बाटली शोधायला लागतो आणि दुसरा पाण्याचा पेला लेकराच्या तोंडाला लावतो. बाटलीबद्दल निदान लोक मला विचारतात तरी. पेल्याबद्दल कुणीच विचारत नाही, आणि जास्त घोळ तोच घालतो, असं माझं बालरोगतज्ज्ञ म्हणून मत आहे.

गेल्या महिन्यात दोन वर्षांचा, 12 किलो वजनाचा एक मुलगा सकाळी सकाळीच दाखवायला आणला होता. रात्री अकराला पहिली उलटी झाली, जेवलेला भात सगळा बाहेर. उलटीनंतर तहान लागतेच. त्याने पाणी मागितलं, आईने पेलाभर दिलं, त्याने ते घटाघटा संपवलं आणि पाच मिनिटांत तेही बाहेर. मग 'पोट रिकामं आहे गं त्याचं' म्हणत आजीने बाटलीभर दूध पाजलं. तेही गेलं. मग औषध, त्यावर पुन्हा पाणी, पुन्हा उलटी. उजाडेपर्यंत पाच-सहा वेळा झालं आणि आई रडकुंडीला आली, "डॉक्टर, काहीच टिकत नाहीये हो, सलाईन लावा." माझ्या हिशेबी त्यातली पहिली उलटी आजाराची होती, पण पुढच्या बऱ्याचशा पेल्याच्या होत्या. चिडलेलं जठर एकदम भरून ताणलं गेलं की ते आतलं बाहेर फेकतं, मग ते साधं पाणी का असेना.

म्हणून पहिल्या उलटीनंतर दहा-पंधरा मिनिटं तोंडात काहीही घालायचं नाही. लेकरू पाण्यासाठी रडेल, रडू द्या. त्यानंतर ओआरएस, एका वेळी एक छोटा चमचा, म्हणजे 5 मिली, दर दोन मिनिटांनी, घड्याळाकडे बघून. हे अगदीच चिल्लर वाटतं, पण तासाभरात असे तीस चमचे जातात आणि 150 मिली पोटात टिकतं. पेलाभर पाजून पेलाभर बाहेर, यापेक्षा ते कितीतरी जास्त. चमच्याला तोंड मिटून घेणाऱ्या मुलांसाठी मेडिकलमधून बिनसुईची सिरिंज आणा आणि गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा. पेला त्याच्या नजरेसमोर ठेवू नका. मध्येच उलटी झाली तर सगळं वाया गेलं असं समजू नका, थोडं आत राहिलेलं असतंच. दहा मिनिटं थांबायचं आणि या वेळी दर तीन मिनिटांनी चमचा. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध बंद करायचं नाही, फक्त थोडा थोडा वेळ आणि वारंवार पाजायचं. (दृष्ट जरूर काढा, माझी हरकत नाही. चमचा तेवढा थांबवू नका.)

एकच उलटी होऊन पोरगं पुन्हा खेळायला लागलं असेल, शू नेहमीसारखी होत असेल, तर यापलीकडे काही करावं लागत नाही. तासा-दोन तासांनी भूक लागली की मऊ भात, वरण, जे घरात असेल ते थोडं थोडं द्या.

ओआरएसच्या पुडीवर एक लिटर लिहिलं असेल तर सगळी पुडी एक लिटर पाण्यातच. अर्धी पुडी अंदाजे पेल्यात टाकली की प्रमाण बिघडतं आणि त्यातली साखर-मिठाची जोडी आतड्यात पाणी शोषायला मदत करते ती याच प्रमाणात. फळांच्या चवीचे तयार गोड खोके ओआरएस म्हणून आणू नका, त्यातल्या जास्तीच्या साखरेने उलट पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. असल्या पेयांवर 'ओआरएस' लिहायला एफएसएसएआयने ऑक्टोबर 2025 मध्ये बंदी घातली, पण खरी गरज पाकिटाची मागची बाजू वाचण्याची सवय लागण्याची आहे.

आता औषध. माझ्या मते उलटीचं औषध उलटी थांबवण्यासाठी द्यायचंच नसतं, ते ओआरएस आत टिकावं म्हणून द्यायचं असतं. म्हणजे चमचा-चमचा नीट देऊनही पुन्हा पुन्हा बाहेर येतंय आणि शरीर कोरडं पडायला लागलंय, तेव्हा. त्या मुलाचं तोंड कोरडं होतं, रडताना डोळ्यांत पाणी कमी होतं आणि शेवटची शू रात्रीची होती, म्हणून त्याला मी ऑन्डॅन्सेट्रॉन दिलं. 8 ते 15 किलोच्या मुलाला एका वेळी 2 मिलिग्रॅम, त्याला तेवढंच. पंधरा-वीस मिनिटं थांबून आईला बाकावर बसवलं आणि चमचा हातात दिला. वजनाच्या हिशेबाने चार तासांत सुमारे 900 मिली जायला हवं होतं, म्हणजे साधारण चार मिनिटांत तीन छोटे चमचे. दुपारपर्यंत त्याने शू केली. सलाईन लागली नाही.

2006 मध्ये अमेरिकेत जुलाब-उलट्यांच्या मुलांवर एका डोसचा अभ्यास झाला होता. औषध मिळालेल्यांपैकी 14 टक्के मुलांना पुन्हा उलटी झाली, खोटी गोळी मिळालेल्यांपैकी 35 टक्क्यांना. सलाईनची गरजही निम्म्यावर आली. पण औषध घेतलेल्या मुलांना जुलाब जरा जास्त झाले, हेही त्यात दिसलं. त्यामुळे सहसा एकच डोस, वजन करून, सहा महिन्यांवरच्या बाळाला, डॉक्टरांनी सांगितल्यावर. हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असलेल्या मुलाला तर न विचारता अजिबात नाही.

फ्रीजमधल्या बाटलीत मात्र बऱ्याचदा डॉमपेरिडॉन असतं. ओआरएससोबत ते देऊन लहान मुलांना काही जास्तीचा फायदा होत नाही असं दिसल्यावर ब्रिटनने डिसेंबर 2019 मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांसाठी त्याची मान्यता काढून घेतली. मेटोक्लोप्रमाइड या उलटीच्या दुसऱ्या औषधाने काही मुलांची मान वाकडी होते, डोळे वर जातात आणि घरचे फिट आली समजून धावत येतात. आपल्याकडे दोन्ही सहज मिळतात म्हणून ती निर्धोक ठरत नाहीत.

आणि काही उलट्या अशा असतात की घरी औषध देणंच धोक्याचं, कारण लक्षण दबतं आणि दवाखान्यात पोचायला उशीर होतो. पालकासारखी हिरवी उलटी, विशेषतः तान्ह्या बाळाची, म्हणजे आतड्याला पीळ किंवा अडथळा असू शकतो, त्याच घटकेला निघा. बाळ थांबून थांबून कळवळून रडतंय, पाय पोटाशी घेतंय, मध्येच निपचित पडतंय, हेही तसंच. डोक्याला मार लागल्यानंतरच्या उलट्या, किंवा रोज सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखून होणारी उलटी. जुलाब मुळीच नाहीत आणि नुसत्या उलट्या दुसऱ्या दिवशीही चालूच, तर ते 'पोट बिघडलं' म्हणून सोडून देऊ नका, लघवी तपासायला सांगतो मी. अजून एक पटकन सुटतं. उलट्यांनी पोर वाळलंय, श्वास जोरात चालतोय, तरी शू मात्र भरपूर होतेय. असं असेल तर बोटातून एक थेंब रक्त काढून साखर तपासायची, तेही आत्ताच.