गालाच्या हाती कारभार

गेल्या मे महिन्यात सीताबर्डीच्या फुटपाथवर मी फोनला नवी काच लावून घेतली आणि त्याच संध्याकाळी लक्षात आले की कॉल लागताच पडदा काळा होतो आणि फोन कानापासून दूर नेला तरी तो काळाच राहतो. गॅस सिलिंडरच्या नोंदणीसाठी फोन केला, तेव्हा पलीकडची बाई अत्यंत शांतपणे 'मराठीसाठी एक दाबा' असे सांगत होती आणि मी त्या अंधारात एक कुठे असावा हे चाचपत होतो. मामेसासऱ्यांचा कॉल तर त्यांनी स्वतः ठेवल्याशिवाय संपेना. तो पूर्वीही संपत नसे, पण निदान लाल बटण डोळ्यांसमोर असे.

शेजारच्या मुलाने कॉल सेटिंग्जमध्ये शिरून 'प्रॉक्झिमिटी सेन्सर' बंद करून दिला. पडदा उजळला खरा, पण दुसऱ्या दिवसापासून कारभार गालाकडे गेला. मामेसासरे पाटवडीच्या रश्श्यात खसखस किती घालावी हे समजावून सांगत असताना माझ्या घामेजल्या गालाने म्यूट दाबले, त्यामुळे माझे सगळे हुंकार वाया गेले. मग त्याच गालाने स्पीकर लावला आणि तर्री-पोह्याच्या ठेल्याभोवती उभ्या असलेल्या मंडळींना 'जावईबापू मुके झाले का?' हे खणखणीत ऐकू आले.

तेव्हा कुठे मी मुळाशी गेलो. माझ्या फोनमध्ये इअरपीसजवळ एक बारीक दिवा आहे. त्याचा अवरक्त प्रकाश आपल्याला दिसत नाही. तो गालावर आपटून परतला की शेजारचा सेन्सर कान जवळ आल्याचे मानतो आणि पडदा विझवतो. माझ्या नव्या काचेची काळी किनार नेमकी त्याच जागेवर आली होती, म्हणून प्रकाश गालापर्यंत न जाता तिथूनच परतत होता. फोनच्या समजुतीप्रमाणे मी अष्टौप्रहर त्याला गाल लावून बसलो होतो.

खात्री करण्यासाठी डायलरवर `*#*#6484#*#*` टाइप केले. हा कोड काही कंपन्यांच्याच फोनवर चालतो; माझ्या फोनवर चाचण्यांची यादी उघडली. सेन्सरसमोर काहीही नसताना आकडा ५ यायला हवा आणि बोट जवळ नेल्यावर ०. माझा ढळढळीत शून्यावर बसला होता. काच नखाने उचकटली, तशी ५ उमटली. तळहात नेला, ० झाले. बिघाड फोनचा नव्हता, ऐंशी रुपयांच्या काचेचा होता.

सेन्सरपाशी मोकळी जागा सोडलेली काच लावून घेतली आणि आठवणीने ते सेटिंग पुन्हा चालू केले. आता एवढेच पाहावे लागते की फोनचे वरचे टोक केसांत जाऊ नये, कारण काळे केस प्रकाश परत पाठवण्याऐवजी गिळतात आणि पडदा मधूनच उजळतो. टक्कल वाढत असल्याने माझ्यापुरता हा धोका वर्षागणिक कमी होत आहे.

परवा मामेसासऱ्यांचा फोन आला. पाऊण तासाने तो कानापासून दूर नेला, तर लाल बटण लख्ख दिसत होते.

"जावईबापू, आवाज येतोय ना?"

"येतोय, मामा," मी म्हणालो आणि फोन पुन्हा गालाला लावला.