‘मी’ कुठे थांबवायचा? : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : “प्रबंधात ‘मी’ लिहायला तुम्ही मोकळीक देता, हे मला पटले नाही. प्रबंध म्हणजे आत्मकथन नव्हे. कर्ता दिसला की वस्तुनिष्ठता संपली. शिवाय एकदा ‘मी’ आत आला की तो कुठे थांबवायचा, हे तुम्ही सांगतच नाही.”

आपला शेवटचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. ती माझ्या लेखातली उणीवच होती. वस्तुनिष्ठतेविषयीचा आक्षेप मात्र मान्य करता येत नाही, आणि त्याचे कारण एका वाक्यावरून स्पष्ट होईल.

“या पत्रांतील मौन हे संमतीचे लक्षण मानले जाते.” हे कोण मानते? आधीचे अभ्यासक, पत्रलेखकांचे समकालीन, की स्वतः प्रबंधकर्ता? आधीचे अभ्यासक मानत असतील तर संदर्भ हवा, समकालीन मानत असतील तर पुरावा हवा, आणि प्रबंधकर्ताच मानत असेल तर युक्तिवाद हवा. कर्ता काढून टाकल्यामुळे विधान वस्तुनिष्ठ झाले नाही, बेवारस झाले, आणि परीक्षकाने नेमके काय मागायचे हेही कळेनासे झाले.

हा घोटाळा मराठीत विशिष्ट जागीच होतो, आणि त्याचे मूळ व्याकरणात आहे. सकर्मक क्रियापद भूतकाळात बहुधा कर्माप्रमाणे चालते. “मी चाळीस पत्रे वाचली” यातला ‘मी’ गाळला तरी “चाळीस पत्रे वाचली” हे वाक्य उभे राहते, म्हणून संशोधनपद्धतीचे वर्णन आपल्याकडे सहज अव्यक्तिगत होते. मत मांडताना मात्र वर्तमानकाळ येतो, आणि तिथे ‘मी’ गाळला तरी ‘मानते’ किंवा ‘मानतो’ या रूपातून कर्ता, त्याच्या लिंगासह, डोकावतोच. संकोचलेला विद्यार्थी मग ‘मानले जाते’च्या आडोशाला जातो, म्हणजे विधानाला धनी हवा असतो, नेमका तिथेच तो नाहीसा होतो.

आता एक परिच्छेद घेऊ. तो मीच रचला आहे, पण असे कच्चे खर्डे मी पुष्कळ वाचले आहेत.

“प्रस्तुत संशोधकाने बावीस मुलाखती घेतल्या. त्यांपैकी सहा निवेदकांना मी आधीपासून ओळखत होते. त्यामुळे उत्तरांवर परिणाम झाला असावा असे म्हणता येईल. स्मरणात घटनांचा क्रम बदलतो हे आपण पाहिले असून ते महत्त्वाचे आहे असे आम्हास वाटते.”

चार वाक्यांत एकाच व्यक्तीने पाच रूपे घेतली आहेत. माझ्या मते ‘मी’ला दोनच कामे द्यावीत : अभ्यासविषयाशी असलेले स्वतःचे नाते सांगणे आणि स्वतःचा अर्थ मांडणे. पद्धतीचे वर्णन, प्रकरणांची सांगड आणि इतरांची मते यांत तो नको. त्यानुसार परिच्छेद असा होईल :

“या अभ्यासासाठी बावीस मुलाखती घेतल्या. त्यांपैकी सहा निवेदक माझ्या आधीच्या ओळखीचे होते; त्यामुळे त्यांनी काही प्रसंग सांगण्याचे टाळले असावे, असे मी मानते. स्मरणात घटनांचा क्रम बदलतो, हे दुसऱ्या प्रकरणात दाखवले आहे.”

इथे ‘मी’ सर्वत्र नाही, तरीही सातत्य आहे, कारण प्रत्येक कामाचा आवाज ठरलेला आहे. ‘मी’ तिथे थांबतो.

विभागाच्या नियमांना ‘मी’ चालतच नसेल तर नियम पाळावा, पण विधानाचा धनी सोडू नये : “प्रस्तुत प्रबंधाचे प्रतिपादन असे की…” ‘संशोधकाच्या मते’ हा प्रचलित पर्याय मला धोक्याचा वाटतो, मागच्याच वाक्यात दुसऱ्या अभ्यासकाचा उल्लेख असेल तर हा संशोधक कोणता, हे कळत नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या शैलीपुस्तिकेची २०१९ मध्ये आलेली सातवी आवृत्तीही, संदिग्धता टाळण्यासाठी, स्वतःच्या कामाबद्दल तृतीयपुरुषाऐवजी प्रथमपुरुष वापरायला सांगते. ती सामाजिक शास्त्रांत अधिक चालते, पण हे कारण मानव्यविद्यांनाही तितकेच लागू आहे.

तपासणी शेवटी, पूर्ण मजकुरावर करावी. ‘मी’ शोधताना दोन्ही बाजूंना मोकळी जागा द्यावी, नाहीतर ‘कमी’, ‘नेहमी’ आणि ‘मीमांसा’ यांचीच रांग लागते. ‘माझ’, ‘आम्ह’, ‘आपण’ आणि ‘संशोधका’ हे तुकडे स्वतंत्रपणे शोधावेत. ‘मी’ गाळलेली ‘मानते’, ‘वापरते’ अशी रूपे या शोधात सापडत नाहीत, म्हणून नेहमीच्या क्रियापदांची यादी करून तीही पाहावीत. त्यानंतर ‘जाते’ शोधावे, आणि जिथे ‘मानले जाते’ किंवा ‘म्हटले जाते’ सापडेल तिथे त्याच वाक्याला संदर्भ जोडलेला आहे का, एवढेच पाहावे. संदर्भ नसेल आणि देताही येत नसेल, तर ते विधान बहुधा आपलेच असते.