मधला रेझिस्टर खोडण्याआधी

«ब्रिज सर्किट आलं की घाबरू नका. मधल्या रेझिस्टरमधून करंट जातच नाही, तो खोडून टाका. उरलेलं साधं सिरीज-पॅरलल. स्टार-डेल्टा मोटरवाल्यांसाठी असतं. करायचीच वेळ आली तर स्टारमधल्या प्रत्येकाची तिप्पट करा, डेल्टा तयार.»

परीक्षा जवळ आली की हा निरोप फोनाफोनी फिरू लागतो. फोंड्यातल्या माझ्या शिकवणीत यंदा तो तिघांनी दाखवला. त्यातलं एकही वाक्य संपूर्ण खोटं नाही, आणि म्हणूनच तो निस्तरायला वेळ लागतो.

आधी मधल्या रेझिस्टरचं बघू. त्या दिवशी आमच्याकडे नेहमीसारखी पावसात वीज गेली होती, तेव्हा फळा सोडून ब्रेडबोर्डच घेतला. एक किलोओहमचे एकवीस रेझिस्टर सिरीजमध्ये जोडून पाच हात केले. बॅटरीचं धन टोक अ, ऋण टोक ब, मधले दोन बिंदू क आणि ड. अ-क 3, क-ब 6, अ-ड 6, ड-ब 4 आणि मधला क-ड 2 किलोओहम. मधला उपटला तर एका बाजूला 9, दुसऱ्या बाजूला 10, दोन्ही पॅरलल, म्हणजे साधारण 4.74. तो परत बसवून बॅटरी काढली आणि अ-ब मध्ये मल्टिमीटर लावला, तर काटेकोरपणे मोजून 4.49.

फरक पाच टक्क्यांच्या आसपास. इथेच हा निरोप माणसाला फसवतो. सोनेरी पट्टीचे, पाच टक्के टॉलरन्सचे रेझिस्टर असते तर पोरांनी खापर त्यांच्यावर फोडलं असतं. आमचे तपकिरी पट्टीचे, एक टक्क्याचे होते, म्हणून ती पळवाट उरली नाही. मग 9 व्होल्टची बॅटरी लावून क आणि ड मधला व्होल्टेज घेतला: 0.75 व्होल्ट. म्हणजे मधल्या 2 किलोओहममधून 0.375 मिलिअँपिअर जातोय. एकूण करंट 2 मिलिअँपिअर, त्याचा जवळजवळ पाचवा भाग.

मधला करंट शून्य होतो तो फक्त ब्रिज तोललेला असताना, म्हणजे एका बाजूच्या वरच्या-खालच्या हातांचं गुणोत्तर दुसऱ्या बाजूइतकंच असताना. आमच्यात एकीकडे 3 ला 6, दुसरीकडे 6 ला 4. ड-ब चे 4 काढून तिथे 12 बसवले की 3 ला 6 आणि 6 ला 12 जुळतात. मग मधला ठेवा किंवा काढा, उत्तर 6 च येतं. पुस्तकातली पहिली दोन-तीन गणितं बहुधा अशी तोललेली असतात. निरोप लिहिणाऱ्याने तेवढीच सोडवली असावीत, असा माझा संशय आहे.

आता तिप्पट. एका बिंदूला मिळणारे तीन हात म्हणजे स्टार, आणि त्यांची बाहेरची तीन टोकं जोडणारा त्रिकोण म्हणजे डेल्टा. तिपटीचा आकडा आला कुठून ते सांगता येतं. मोटरची तीन वाइंडिंग सारखी असतात, आणि तिन्ही हात सारखे असतील तर स्टारच्या R चा डेल्टा खरोखरच 3R होतो. कारखान्यातला स्टार-डेल्टा स्टार्टर सुरुवातीला लाइनचा करंट एक तृतीयांशावर ठेवतो तो याच हिशेबाने. पण नियम काही मोटरसाठी जन्मला नाही. 1899 मध्ये आर्थर केनेली याने तो रोधांच्या जाळ्यासाठीच मांडला. (हा गृहस्थ जन्माने मुंबईचा, कुलाब्याचा. पोरांना हे सांगितलं की उगीच जरा जवळचा वाटतो.)

हात वेगवेगळे असले की तिप्पट तर चुकतेच, शिवाय ती ठेवायची कुठे हेही कळत नाही. आमच्या क बिंदूला तीन हात येऊन मिळतात: अ कडून 3, ब कडून 6, ड कडून 2. हा स्टार. दोन-दोन हातांचे गुणाकार करून बेरीज घ्या:

```
3×6 + 6×2 + 2×3 = 36
```

डेल्टाची कुठलीही बाजू हवी असेल तर त्या बाजूला न शिवणाऱ्या हाताने 36 ला भागा. अ-ब बाजूला ड चा हात शिवत नाही, म्हणून 36 भागिले 2, म्हणजे 18. ब-ड ला अ चा हात शिवत नाही, म्हणून 12. अ-ड ला ब चा, म्हणून 6. पडताळा सोपा आहे: प्रत्येक हात गुणिले त्याच्या समोरची बाजू दर वेळी 36 च यायला हवी. पोरं हमखास चुकतात ती इथेच, जवळच्या हाताने भागून.

आता क बिंदू नकाशावरून गेला. नवे 6 जुन्या अ-ड 6 ला पॅरलल, झाले 3. नवे 12 जुन्या ड-ब 4 ला पॅरलल, तेही 3. दोन्ही सिरीजमध्ये 6, आणि ते 18 ला पॅरलल: 4.5. मल्टिमीटरने हेच सांगितलं होतं.

स्टार दिसतो कुठे, हा प्रश्न निरोपात नाहीच, आणि खरी मेख तिथे आहे. ज्या बिंदूला नेमके तीनच हात येतात आणि जिथे बॅटरीचं टोक लागलेलं नाही, तोच बिंदू घालवायचा. अ कडे बघितलं तर तिथेही तीन तारा दिसतात, पण तिसरी बॅटरीची आहे. तो बिंदू मिटवला तर उत्तर कुठून कुठे मोजायचं तेच हरवतं. क सारखाच ड ही चालतो. अ-क-ड चा त्रिकोण घेऊन उलट डेल्टाचा स्टार केला तरी चालतं, पण मग बेरीज 11 येते आणि 18/11, 6/11, 12/11 असले अपूर्णांक सांभाळत बसावं लागतं. उत्तर तेच, 4.5. म्हणून मी आधी दोन्ही वाटांचे आकडे मनात फिरवून बघतो आणि मगच पेन्सिल टेकवतो.

उत्तर बरोबर आहे का याची झटपट खूण निरोपातल्या त्या खोडण्यातूनच मिळते. मधला काढून आलेलं उत्तर ही वरची हद्द, 4.74. मधल्या जागी नुसती तार आहे असं मानलं तर 3 आणि 6 पॅरलल 2, 6 आणि 4 पॅरलल 2.4, मिळून 4.4, ही खालची हद्द. खरं उत्तर या दोहोंच्या मध्येच असतं. बाहेर गेलं तर भागाकार तपासा.

एक मर्यादा मात्र आहे. डेल्टा केल्यावर 4 किलोओहमच्या शेजारी बसलेले 12 खरे नाहीत, तिथे प्रोब लावायला काहीच नाही. एकूण करंट 2 मिलिअँपिअर बरोबर येतो, ड चा व्होल्टेज 4.5 ही बरोबर येतो, कारण ड बिंदू शाबूत आहे. पण अ-क किंवा मधल्या हातातला करंट हवा असेल तर मूळ आकृतीकडे परतून क वर बेरीज मांडावी लागते. ती मांडली की क चा व्होल्टेज 5.25 येतो, त्यातून ड चे 4.5 गेले की उरतात 0.75, जे वीज नसताना टॉर्चच्या उजेडात आम्ही मीटरवर वाचले होते.