एकाच व्यक्तीचे मेसेज येत नाहीत? आधी तिच्या फोनवरची टिक पाहा

«व्हॉट्सॲपवर बाकी सगळ्यांचे मेसेज येतात आणि एकाच व्यक्तीचे येत नाहीत, म्हणजे त्या व्यक्तीने तुम्हाला ब्लॉक केले आहे. तसे नसेल तर तुमचे नेट कमजोर आहे. ॲप काढून पुन्हा टाका, अडकलेले सगळे मेसेज एकदम येतील.»

ब्लॉकची दिशाच येथे उलटी धरली आहे. एखाद्या व्यक्तीने तुम्हाला ब्लॉक केले असेल, तर तुमचे मेसेज तिला मिळत नाहीत. ती स्वतः तुम्हाला काही पाठवू लागली, तर आधी अनब्लॉक करा, असे ॲप तिलाच सांगते. त्यामुळे जी व्यक्ती «मी तर पाठवले होते» असे म्हणते आणि पाठवलेला मजकूर आपल्या फोनवर दाखवूही शकते, तिने तुम्हाला ब्लॉक केलेले नाही, एवढे निश्चित. या अफवेमुळे नात्यांत किती अबोले धरले गेले असतील, कोण जाणे.

तुम्हीच तिला ब्लॉक केले असेल, तर मात्र लक्षण तंतोतंत जुळते. मी कशाला ब्लॉक करीन, असे सगळेच म्हणतात. पण अनोळखी नंबरवरून पहिला मेसेज येतो, तेव्हा ॲप ब्लॉक करण्याचा पर्याय समोरच ठेवते, आणि नवा नंबर घेतलेल्या ओळखीच्या माणसावर घाईत तोच दाबला जातो. पुढे तो नंबर नावानिशी सेव्ह केला, तरी ब्लॉक आपोआप उठत नाही. अशा वेळी त्या व्यक्तीचा साधा फोन लागतो, दोघेही असलेल्या ग्रुपमधले तिचे मेसेज दिसतात, फक्त थेट पाठवलेले मेसेज आणि व्हॉट्सॲप कॉल तुमच्यापर्यंत येत नाहीत.

कमजोर नेटचा मुद्दा तर टिकणाराच नाही, कारण नेट माणूस पाहून अडवत नाही. सगळ्यांचे मेसेज एकाच जोडणीने उतरतात. ती मंद असेल, तर सगळेच उशिरा येतील, आणि बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगने सूचना रोखल्या, तर त्याही सगळ्यांच्याच रोखल्या जातील. एकाच व्यक्तीचे मेसेज गळत असतील, तर कारण त्या व्यक्तीपुरतेच वेगळे असलेल्या गोष्टींत शोधले पाहिजे, आणि अशा गोष्टी तीनच आहेत: ती कोणत्या नंबरवर पाठवते, कोणत्या पद्धतीने पाठवते, आणि तिच्या चॅटवर तुम्ही स्वतः कोणते सेटिंग लावून ठेवले आहे.

ॲप काढून पुन्हा टाकण्याचा सल्ला या तिघांपैकी कशालाच हात लावत नाही. फोन बंद असल्यामुळे न पोचलेला मेसेज सर्व्हरवर 30 दिवस थांबतो आणि फोन जोडला जाताच आपोआप उतरतो. त्यासाठी ॲप काढण्याची गरज नसते. ब्लॉकची यादी खात्याशी जोडलेली असल्याने ती नव्याने टाकलेल्या ॲपमध्येही तशीच राहते. शिवाय अलीकडचा बॅकअप नसेल, तर असलेल्या गप्पाही हातच्या जातात.

तपासणीची सुरुवात आपल्या फोनवर नव्हे, पाठवणाऱ्याच्या फोनवर करावी. «पाठवलेस का?» असे विचारू नये, उत्तर «हो» असेच येते. न आलेल्या मेसेजपुढे एक टिक आहे की दोन, हे दिसेल असा स्क्रीनशॉट मागावा. एक टिक म्हणजे मेसेज तिच्या फोनवरून निघाला, पण समोर पोचला नाही. दोन टिक म्हणजे तो कोणत्या तरी फोनवर किंवा त्याला जोडलेल्या संगणकावर पोचला आहे.

दोन टिक असतील, तर मेसेज बहुधा तुमच्याकडेच आहे आणि तुम्हाला दिसत नाही. चॅटच्या यादीत वर जाऊन `Archived` उघडावे. `Settings`, मग `Chats`, तेथे `Keep chats archived` चालू असेल, तर संग्रहात टाकलेली चॅट नवा मेसेज आला तरी वर येत नाही आणि सूचनाही देत नाही. तेथे नसेल, तर `Locked chats` पाहावे. त्या चॅटमध्ये मेसेज ठरावीक मुदतीने नाहीसे होण्याची सोय चालू असेल आणि मुदत 24 तासांची असेल, तर दोन दिवसांनी चॅट उघडणाऱ्याला ती रिकामीच दिसते.

एकच टिक असेल, तर प्रथम `Settings`, `Privacy`, `Blocked contacts` ही यादी वाचावी, आणि नावांबरोबर नुसते नंबरही नीट पाहावेत. तेथे ती व्यक्ती सापडली, तर अनब्लॉक करावे. मात्र ब्लॉकच्या काळातले मेसेज नंतरही येत नाहीत, ते पुन्हा पाठवायला सांगावे लागतात.

यादीत नाव नसेल, तर ती व्यक्ती ब्रॉडकास्ट लिस्टमधून पाठवते का, हे विचारावे. ब्रॉडकास्टचा मेसेज ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे, त्यांनाच मिळतो. नवा फोन घेताना एखादा नंबर मागे राहिला, तर त्या व्यक्तीचे थेट मेसेज येत राहतात आणि एकगठ्ठा पाठवलेले येत नाहीत. नंबर सेव्ह केला की पुढचे येऊ लागतात.

उरतो नंबरचा प्रश्न, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त चकवतो तो हाच. माझ्या एका परिचिताला धाकट्या भावाचे मेसेज जवळजवळ तीन आठवडे येत नव्हते. भावाच्या फोनवर एकच टिक होती, ब्लॉकची यादी रिकामी होती, आणि भाऊ ठामपणे सांगत होता की नंबर बरोबर आहे, कारण त्याच नंबरवर केलेला फोन लागतो. तोच पुरावा दोघांनाही भरकटवत होता. परिचिताने नव्या फोनमध्ये जुने आणि नवे अशी दोन्ही सिम घातली होती, पण व्हॉट्सॲप नव्या नंबरावर सुरू केले होते. जुन्या नंबराचे व्हॉट्सॲप कपाटात बंद पडलेल्या जुन्या फोनमध्येच राहिले होते. साधा फोन सिमकडे येतो, व्हॉट्सॲपचा मेसेज मात्र त्या नंबराचे खाते ज्या फोनवर आहे तेथे जातो.

अशा वेळी नंबर एकमेकांना वाचून दाखवण्यापेक्षा सोपी कसोटी अशी, की तुम्ही त्या व्यक्तीला एक मेसेज पाठवावा आणि तिला त्याच मेसेजखाली उत्तर लिहायला सांगावे. ते उत्तर तुमच्या चालू नंबरलाच येणार. परिचिताने तसे केले, तेव्हा भावाच्या यादीत «दादा» या नावाच्या दोन चॅट दिसू लागल्या: वरची आत्ताची, आणि खाली एकेका टिकच्या मेसेजांनी भरलेली जुनी. दोन्ही नंबर त्याने एकाच नावाखाली ठेवले होते.

जुना फोन चार्ज करून वायफायला जोडल्यावर, सिम नसतानाही, 30 दिवसांची मुदत संपली नसल्यामुळे तुंबलेले सगळे मेसेज त्यावर उतरले, आणि भावाच्या खालच्या चॅटमधल्या टिक एकेक करून दोन झाल्या. त्यानंतर भावाने पत्त्यांच्या यादीत जुन्या नंबरापुढे «फक्त फोन» असे लिहून ठेवले.