टॉवेलवरचं नाव

"ॲडव्हान्सचं काय ते मेलवर लेखी द्या," असं हॉटेलच्या खरेदी खात्यातले साहेब म्हणाले आणि मी रात्री साडेदहाला पत्र लिहायला बसलो. आम्ही सोलापूरचे टॉवेलवाले. थकलेली उधारी मागायला आमची जीभ कचरत नाही. पण माल विणायच्या आधी पैसे मागायचे म्हणजे सुपारी फुटायच्या आत आहेराची यादी वाचून दाखवल्यासारखं वाटतं.

पहिला मसुदा "आपणांस तसदी देताना अत्यंत संकोच वाटतो" असा सुरू झाला. त्यात चार वेळा 'कृपया' होतं, रक्कम मात्र कुठेच नव्हती. अण्णांनी वाचून विचारलं, "कोण वारलं?"

दुसऱ्यात मी कडक झालो: "अन्यथा ऑर्डर स्वीकारता येणार नाही." अण्णा म्हणाले, "दहा लाखांची ऑर्डर परत करतोयस? मनातलं लिहू नको रे, सुताचं लिही."

मग सुताचं लिहिलं. टॉवेल 4000, प्रत्येकी 250 रुपये. एकेक टॉवेल अर्ध्या किलोचा, म्हणजे सूत दोन टनांच्या वर. त्याचेच पाच लाख, आणि सूतवाला आम्हाला रोखीशिवाय ओळखत नाही. म्हणून निम्मी रक्कम आधी. शिवाय काठात हॉटेलचं नाव विणायचं होतं. साधे पांढरे टॉवेल बाजारात कुठेही खपतात. हे अंगावर पडले असते, तर अक्कलकोटपर्यंतचे आमचे सगळे पाहुणे हॉटेलातून टॉवेल ढापून आणल्यासारखे दिसले असते. (हे वाक्य अण्णांनी खोडलं.) खाली दोन ओळी घातल्या: माल 45 दिवसांत, पण दिवस मोजायचे ते पैसे जमा झाल्यापासून; आणि काठाच्या नमुन्यावर तुमची सही झाल्याशिवाय माग सुरू होणार नाही.

उत्तर आलं: ॲडव्हान्स देऊ, त्या रकमेची बँक गॅरंटी द्या. बँकेत गेलो. मॅनेजर म्हणाले, देऊ, तेवढ्याची एफडी ठेवा. म्हणजे पाच लाख मिळवायला आधी पाच लाख हवेत! ते असते तर रात्री साडेदहाला 'कृपया' मोजत बसलो असतो का?

शेवटी माल दोन खेपांत द्यायचं ठरलं. अडीच लाख आधी, पहिल्या खेपेचं बिल चुकतं झालं की दुसरीचं सूत. गॅरंटी नाही. मग त्यांच्या अकाउंट्सला ॲडव्हान्सचं जीएसटी बिल हवं झालं. मालाच्या ॲडव्हान्सवर नोव्हेंबर 2017पासून जीएसटी भरावा लागत नाही, पक्कं बिल माल निघताना, हे समजावून प्रोफॉर्मा पाठवण्यात आठवडा गेला.

पैसे एकोणिसाव्या दिवशी आले. सूत उतरवून घेत होतो तेवढ्यात साहेबांचा फोन. मोठ्या मालकांना कुणीतरी अंकशास्त्रवाला भेटला होता. हॉटेलच्या नावात आता एक 'ए' जास्तीचा.

मी अण्णांकडे पाहिलं. ते सुताच्या गोण्या मोजत होते. मान वर न करता म्हणाले, "जुन्या नमुन्यावरची सही जपून ठेव. नव्यावर दुसरी घे."